प्री-एज दुप्पट दिसतोय आणि एज खाली सरकलाय, मग लोखंड नेमकं कुठल्या अवस्थेत आहे?

प्रश्न: आयर्न ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल्स बनवलेत, चुंबकाला पटकन चिकटतात. जाड पेलेट करून फ्लुरोसन्समध्ये Fe के-एज झेन्स घेतला, फॉइल ७११२ ईव्हीला सेट केली. प्री-एजचा सेंट्रॉइड ७११४.३ येतोय, पेपरमध्ये मात्र Fe2+ ला ७११२.१ आणि Fe3+ ला ७११३.५ दिलंय, मग माझ्यात Fe4+ आहे का? त्यात प्री-एजचं क्षेत्रफळ हेमॅटाइटच्या जवळपास दुप्पट आणि एज हेमॅटाइटपेक्षा १ ईव्ही खाली आहे, म्हणजे Fe2+ पण आहे असं वाटतं. मॅग्नेटाइट धरू की मॅगहेमाइट?

उत्तर:

Fe4+ आधी डोक्यातून काढून टाका. तो आकडा कॅलिब्रेशनचा आहे, लोखंडाचा नाही. ७११२.१ आणि ७११३.५ हे आकडे ज्या खनिजांच्या कामातून आलेत तिथे लोखंडी फॉइलचा पहिला इन्फ्लेक्शन पॉइंट ७१११.०८ ईव्हीला धरलेला असतो, बायोइनऑर्गॅनिकवाले बरेचदा ७१११.२ धरतात, आणि आपल्यापैकी बहुतेक जण `Athena` उघडून ७११२ टाकून मोकळे होतात. तिन्ही ठीक आहेत, फक्त एकाचे आकडे दुसऱ्याच्या पट्टीवर वाचायचे नाहीत. तुमच्या ७११४.३ मधून ०.९२ वजा करा, ७११३.३८ येतात, म्हणजे Fe3+ च्या जरासे खाली, संपला विषय. मी तर आता विद्यार्थ्यांना सांगते की नुसती ईव्ही लिहूच नका, फॉइलपासून किती वर ते लिहा: Fe2+ साधारण १.० वर, Fe3+ साधारण २.४ वर, तुमचं २.३ वर. असं लिहिलं की कुणाची फॉइल कुठे आहे याचा त्रास उरत नाही.

पण इथे एक बारीक शंका आहे. तुम्ही म्हणताय जाड पेलेट, फ्लुरोसन्स. मग पेलेटच्या मागे बीम उरलाच नसणार, आणि बीम उरला नाही तर सॅम्पलसोबत त्याच वेळी मागे फॉइलही मोजली गेली नसणार. म्हणजे फॉइल तुम्ही सकाळी कधीतरी एकदा वेगळी मोजलीत आणि दिवसभर मोनोक्रोमेटर तिथेच बसून आहे असं धरलंत. तो बसत नाही. क्रिस्टल तापतो, रिंगमध्ये बीम नव्याने भरला की हलतो, दोनतीन दशांश ईव्ही सहज इकडेतिकडे होतात. Fe2+ आणि Fe3+ च्या सेंट्रॉइडमधलं सगळं अंतर मिळून १.४ ईव्ही आहे, त्यात ०.२ ची चूक म्हणजे सरळ १४ टक्के Fe3+ ची चूक, आणि तीही सिस्टिमॅटिक, कितीही स्कॅन बेरीज केले तरी न जाणारी. म्हणून ७११३.३८ मधला तो शेवटचा ८ सध्या कुणाला दाखवू नका.

आता खरा मुद्दा, आणि हा मी जरा सावकाश सांगते कारण इथेच मी स्वतः एकदा चांगली आपटलेय. तुम्ही दोन लक्षणं सांगितलीत, प्री-एज दुप्पट आणि एज खाली. पहिल्यावरून तुम्ही म्हणणार टेट्राहेड्रल लोखंड आलं, दुसऱ्यावरून म्हणणार Fe2+ आलं, दोन्ही जोडलं की मॅग्नेटाइट, आणि पावडर चुंबकाला चिकटतेय म्हटल्यावर मनाला पटतंही. पण हीच दोन लक्षणं, एकत्र, साध्या शुद्ध हेमॅटाइटच्या जाड पेलेटमध्येही दिसतात. कारण सेल्फ-ॲब्सॉर्प्शन.

ते कसं होतं बघा. फ्लुरोसन्समध्ये सिग्नल लोखंडाच्या शोषणाच्या प्रमाणात वाढतो हे फक्त पातळ किंवा विरळ सॅम्पलला खरं आहे. जाड आणि लोखंडाने भरलेल्या पेलेटमध्ये एजच्या वर गेलात की लोखंड स्वतःच बीम वरच्या थरात अडवतं, बीम आत जातच नाही, त्यामुळे सिग्नल जितका वाढायला हवा तितका वाढत नाही. एजच्या खाली, म्हणजे प्री-एजच्या जागी, शोषण मुळातच कमी, तिथे हा दाब जवळजवळ नाही. मग तुम्ही नॉर्मलाइज करता, म्हणजे दाबलेली वरची पातळी ओढून १ ला नेता, आणि त्या ओढण्यात न दाबलेला प्री-एजही फुकट वर जातो. जाड सॅम्पलसाठी हिशोब एका ओळीचा आहे:

```python
# mu: खरा नॉर्मलाइज्ड स्पेक्ट्रम
# a : बाकी सगळं शोषण / लोखंडाची एज-स्टेप
obs = mu * (1 + a) / (a + mu)
```

`a` मध्ये वर काय काय येतं ते सांगते, येणाऱ्या बीमचं लोखंडाच्या के-शेलखेरीजचं शोषण आणि बाहेर पडणाऱ्या ६.४ केईव्हीच्या फ्लुरोसन्सचं शोषण, बीम आणि डिटेक्टर दोन्ही ४५ अंशांवर असतील तर नुसती बेरीज. आता आकडे घालू. समजा खऱ्या स्पेक्ट्रममध्ये प्री-एजची उंची ०.०८ आहे आणि `a` आहे १. तर दिसणार ०.०८ × २ ÷ १.०८, म्हणजे ०.१४८. जवळजवळ दुप्पट, एकही टेट्राहेड्रल अणू नसताना! आणि एज? दिसणारा स्पेक्ट्रम ०.५ ला कधी पोचतो तर खरा ०.३३ ला असताना, म्हणजे अर्ध्या उंचीवर एज मोजाल तर तो आपोआप खाली येणार, किती ते चढाच्या उतारावर आहे पण ऑक्साइडमध्ये १ ईव्हीच्या आसपास सहज. तुमची दोन्ही लक्षणं इथेच तयार झाली.

आणि `a` = १ ही काही टोकाची परिस्थिती नाही हो. माझ्या ढोबळ हिशोबाने शुद्ध Fe2O3 च्या जाड पेलेटला `a` ०.४ च्या आसपास येतो, म्हणजे प्री-एज जवळपास तिप्पट. सेल्युलोजमध्ये १५ टक्के ऑक्साइड मिसळून जाड पेलेट केलं तरी `a` साधारण १ च असतो. २ टक्क्यांवर आलात की ५ च्या वर जातो, तरीही प्री-एज १५-१६ टक्के फुगलेलाच. शिवाय हे सगळं मिश्रण एकजीव आहे असं धरून, पावडरचे गोळे राहिले असतील तर प्रत्येक गोळा स्वतःपुरता जाड सॅम्पल असतो, मग कितीही विरळ केलंत तरी फायदा नाही. नॅनोपार्टिकल्स असले तरी वाळल्यावर त्यांचे मायक्रॉनमध्ये मोजावे असे ढेकूळ होतात, हे विसरू नका.

माझी गोष्ट अशी की एका लेयर्ड मटेरियलमध्ये बसवलेलं लोखंड होतं, प्री-एज मोठा आला, मी खुशीत टेट्राहेड्रल लोखंड म्हणून ड्राफ्ट लिहिला, आकृत्या झाल्या, सगळं झालं, आणि एका सहकाऱ्याने एकच विचारलं की पेलेटमध्ये पावडर किती घातली होतीस. मला उत्तरच देता येईना कारण वजनच लिहिलं नव्हतं. परत ट्रान्समिशनमध्ये मोजलं तर प्री-एज निम्म्यावर. तेव्हापासून वहीत पहिली ओळ पेलेटच्या वजनाची.

तर तुमचं काम, सगळ्यात आधी, ट्रान्समिशनमध्ये परत मोजणं. शुद्ध ऑक्साइड आहे, फ्लुरोसन्सची गरजच नव्हती. एज-स्टेप १ हवी असेल तर Fe2O3 साधारण ४ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर लागतं, १३ मिमीच्या डायला म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या जरा वर. ते १०० मिलिग्रॅम सेल्युलोज किंवा बोरॉन नायट्राइडसोबत खलात चांगलं अर्धा तास घोटा, रंग एकसारखा दिसेपर्यंत, ठिपके दिसले तर परत घोटा. पेलेट उजेडासमोर धरून बघा, पिनहोल असतील तर तेही प्री-एज फुगवतात, तोच रोग वेगळ्या वाटेने. एवढ्या पातळ पेलेटमधून बीम मागे जातो, त्यामुळे तिसऱ्या चेंबरपुढे फॉइल ठेवून प्रत्येक स्कॅनला तिचाही स्पेक्ट्रम मिळतो आणि वरचा मोनोक्रोमेटर हलण्याचा प्रश्नही मिटतो.

बीमटाइम लगेच मिळणार नसेल तर आहे त्याच डेटातून एक गोष्ट बघता येते, आणि ती म्हणजे प्री-एजचा आकार. यासाठी प्री-एज येतो कुठून ते दोन ओळींत. 1s मधला इलेक्ट्रॉन 3d मध्ये जातो, डायपोलच्या नियमाने ही उडी बंद आहे, क्वाड्रुपोलने चालते पण फार कमजोर. अणूभोवती इन्व्हर्जन सेंटर नसेल तर 3d मध्ये थोडं 4p मिसळतं आणि त्या मिसळलेल्या 4p मुळे डायपोलचा रस्ता उघडतो, थोडासाच उघडतो पण डायपोल इतका जोरदार आहे की तेवढ्यानेही शिखर कितीतरी वाढतं. टेट्राहेड्रलमध्ये हे मिसळणं सगळ्यात जास्त, नीटस ऑक्टाहेड्रलमध्ये सगळ्यात कमी, पाच शेजारी असले तर मधे कुठेतरी. हेमॅटाइटमधली जागा ऑक्टाहेड्रल म्हणतात खरी पण ती तीन छोटे तीन मोठे बंध असलेली वाकडी जागा आहे, इन्व्हर्जन सेंटर तिथे नाही, त्यामुळे हेमॅटाइटचा प्री-एज मुळातच काही अगदी बारका नसतो. हेही लक्षात ठेवा, ‘हेमॅटाइटच्या दुप्पट’ याचा अर्थ ‘आदर्श ऑक्टाहेड्रलच्या दुप्पट’ असा नाही.

आता आकार. ऑक्टाहेड्रल Fe3+ चा प्री-एज दोन शिखरांचा असतो, t2g आणि eg कडे जाणारा, त्यांच्यात साधारण दीड ईव्हीचं अंतर. टेट्राहेड्रल Fe3+ मध्ये एकच ठळक शिखर दिसतं. सेल्फ-ॲब्सॉर्प्शन शिखर फुगवतं, पण दोनाचं एक करत नाही. म्हणून तुमचा प्री-एज आणि हेमॅटाइटचा प्री-एज बेसलाइन काढून, उंची सारखी करून एकावर एक ठेवा. दोन खांद्यांचा तोच आकार नुसता उंच झालेला दिसला तर पेलेटवर शंका घ्या. मधली दरी भरून एकच कुबड आलं असेल तर टेट्राहेड्रल लोखंड खरोखर आहे. फक्त एक अट, हेमॅटाइटचे स्वतःचे दोन खांदे तुमच्या बीमलाइनवर वेगळे दिसायला हवेत. लोखंडाच्या 1s होलमुळेच सव्वा ईव्हीची रुंदी येते, त्यावर Si(111) मोनोक्रोमेटर आणखी १ ईव्हीच्या आसपास घालतो, तेव्हा दीड ईव्हीवरचं दुसरं शिखर जेमतेम खांद्यासारखं दिसतं. Si(311) मिळाला तर फरक डोळ्याने कळतो. स्टेपही प्री-एजच्या भागात ०.१ किंवा ०.२ ईव्ही ठेवा, अर्ध्या ईव्हीच्या स्टेपने घेतलेल्या स्पेक्ट्रममधून सेंट्रॉइडच्या दुसऱ्या दशांशाबद्दल बोलणं म्हणजे गंमतच.

बेसलाइनबद्दल थोडं. प्री-एज चढत्या एजच्या पायथ्याशी बसलेला असतो, खालची चढण वजा केल्याशिवाय ना क्षेत्रफळ मिळतं ना सेंट्रॉइड. तुमच्या ७११२ च्या पट्टीवर शिखर साधारण ७१११ ते ७११८ मध्ये आहे, ते वगळून दोन्ही बाजूंचा भाग, खाली ७१०४ पासून आणि वर ७१२० पर्यंत, गुळगुळीत वक्राने जोडा. `Larch` मध्ये यासाठी तयार सोय आहे. वरची मर्यादा १ ईव्ही हलवून बघा, क्षेत्रफळ दहावीस टक्के हलताना दिसेल, तीच तुमची खरी एरर, फिट जे ± छापतं ते नव्हे. सेंट्रॉइड त्यामानाने कमी हलतो, पण हलतो. आणि सगळ्या सॅम्पलना आणि स्टँडर्डना एकच खिडकी, एकच वक्र, इथे हात वळवायचा नाही.

आता समजा सगळं नीट केलंत, ट्रान्समिशनमध्येही प्री-एज मोठाच आहे, एकच कुबड आहे. म्हणजे स्पिनेल आहे, टेट्राहेड्रल Fe3+ आहे, हेमॅटाइट नाही. मग मॅग्नेटाइट की मॅगहेमाइट हा तुमचा प्रश्न सेंट्रॉइडवरून सुटेल का? बरेच जण इथे सरळ रेषा काढतात, ७११२.१ ला शून्य टक्के Fe3+, ७११३.५ ला शंभर, तुमचे ७११३.३८ म्हणजे ९१ टक्के. हे चूक आहे, आणि का चूक आहे ते एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे.

मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाचे तीन समान वाटे: एक टेट्राहेड्रल Fe3+, एक ऑक्टाहेड्रल Fe3+, एक ऑक्टाहेड्रल Fe2+. खोलीच्या तापमानाला ऑक्टाहेड्रलमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारत असतात वगैरे ठीक आहे, हिशोबाला हे पुरे. समजा तुमच्या पद्धतीने या तिघांच्या प्री-एजचं क्षेत्रफळ अनुक्रमे ०.२८, ०.१० आणि ०.०५ येतं (हे आकडे माझे समजण्यापुरते, स्वतःच्या स्टँडर्डवरून स्वतःचे काढा, पण प्रमाण या धर्तीचंच असतं). बेरीज ०.४३. त्यात Fe2+ चा वाटा ०.०५, म्हणजे जेमतेम १२ टक्के. अणू मोजले तर ३३ टक्के, पण प्री-एजमध्ये त्याचा आवाज १२ टक्के. सेंट्रॉइड हा आवाजाचा सरासरी बिंदू आहे, अणूंचा नाही. त्यामुळे तो Fe3+ च्या जागेपासून १.४ चे १२ टक्के, म्हणजे फक्त ०.१६ किंवा ०.१७ ईव्ही खाली येणार, आणि सरळ रेषेवर वाचलंत तर ८८ टक्के Fe3+ छापून येणार, प्रत्यक्षात ६७ असताना.

मॅगहेमाइटचं बघा. तिथे सगळंच Fe3+, त्यातलं ३७.५ टक्के टेट्राहेड्रल, बाकी ऑक्टाहेड्रल. सरासरी क्षेत्रफळ ०.३७५ × ०.२८ अधिक ०.६२५ × ०.१०, म्हणजे ०.१७ च्या आसपास, मॅग्नेटाइटचं ०.१४. म्हणजे क्षेत्रफळात २० टक्क्यांचा फरक, आणि आत्ताच बघितलं की बेसलाइनच तेवढं हलवते. सेंट्रॉइडमध्ये फरक ०.१६ ईव्ही. तुमचा सेंट्रॉइड Fe3+ पेक्षा ०.१२ खाली, त्यावर अगदी चांगल्या दिवशी ±०.०५, तर उत्तर येतं ‘अर्ध्यापासून पूर्णपर्यंत कितीही मॅग्नेटाइट’. हे उत्तर नव्हे. थोडक्यात या जोडीला वेगळं करायला प्री-एज हे चुकीचं हत्यार आहे, टेट्राहेड्रल Fe3+ त्यात एकटाच इतका ओरडतो की Fe2+ ऐकूच येत नाही. ज्या सॅम्पलमध्ये सगळं लोखंड सारख्याच जागी आहे, समजा सगळं ऑक्टाहेड्रल, तिथे सेंट्रॉइड बऱ्यापैकी इमानदार असतो, कारण तिथे आवाजात एवढी तफावत नसते. आणखी एक गोष्ट जाता जाता, मधल्या क्षेत्रफळावरून ‘पाच शेजारी’ असं घोषित करणारे खूप असतात, पण चार आणि सहाचं निम्मं निम्मं मिश्रणही तेवढंच क्षेत्रफळ देतं.

मॅग्नेटाइट-मॅगहेमाइटला एज बरा, तिथे प्रत्येक अणूचा आवाज जवळपास सारखा. ऑक्साइडमध्ये Fe2+ ते Fe3+ एज साधारण ३ ते ४ ईव्ही सरकतो, मॅग्नेटाइटमध्ये एक तृतीयांश Fe2+, म्हणजे मॅगहेमाइटपेक्षा १ ईव्ही किंवा थोडा जास्त खाली. ०.१६ शी तुलना करा, सहासात पट जास्त जागा आहे हलायला. पण हेमॅटाइटशी तुलना करून नाही हां. हेमॅटाइट आणि मॅगहेमाइट दोन्ही Fe3+ असले तरी एजचा आकार वेगळा आहे, आणि आकार बदलला की ‘एज कुठे’ याचं उत्तरही बदलतं, ऑक्सिडेशन स्टेट तीच असताना. एजची जागा ही काही निसर्गाने खुणेने दाखवलेली नसते, आपण ठरवतो. पहिल्या डेरिव्हेटिव्हचं शिखर घ्याल तर ऑक्साइडच्या चढावर दोन कुबडं असतात, सॉफ्टवेअर एका सॅम्पलला पहिलं पकडतं आणि दुसऱ्याला दुसरं, आणि तुम्हाला अचानक ३ ईव्हीचा ‘शिफ्ट’ मिळतो. अर्धी उंची घ्याल तर नॉर्मलायझेशनची रेघ कुठून काढली यावर अवलंबून. म्हणून एज मोजण्यापेक्षा पूर्ण वक्र एकमेकांवर ठेवा आणि मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट यांच्या बेरजेने फिट करा, एजच्या २० ईव्ही खालून ५०-६० ईव्ही वरपर्यंत, तिन्ही स्पेक्ट्रम ट्रान्समिशनचे, तिन्हींची फॉइल जुळवलेली. फिट झाल्यावर रेसिड्युअलमध्ये प्री-एजच्या जागी टेकाड उरतंय का तेवढं बघा, उरत असेल तर तिसरं काहीतरी आहे किंवा पेलेट अजून वाईट आहे. आणि हे सगळं ऑक्साइडपुरतं, गंधकाचे शेजारी आले की FeS सारख्यात Fe2+ चा एज ऑक्साइडमधल्या Fe2+ पेक्षाही खाली जातो, कोव्हॅलन्सीमुळे, तिथे ही पट्टी चालत नाही.

शेवटचा खड्डा स्टँडर्डचा. मॅग्नेटाइट लिहिलेली बाटली उघडून वर्षं झाली असतील, पावडर बारीक असेल आणि रंग काळ्याचा तपकिरी दिसत असेल तर ती बाटली आता बऱ्यापैकी मॅगहेमाइट आहे, लेबल काहीही म्हणो. मोजण्याआधी एक्सआरडीवर लॅटिस पॅरामीटर काढा, मॅग्नेटाइट ८.३९६ आंगस्ट्रॉम, मॅगहेमाइट ८.३४ ते ८.३५. तुमच्या सॅम्पललाही हाच न्याय, नॅनोपार्टिकल्स हवेत ठेवले की पृष्ठभागापासून ऑक्सिडाइझ होत जातात, त्यामुळे ‘एक की दुसरं’ असं उत्तर बहुधा नसणारच, आत मॅग्नेटाइट बाहेर मॅगहेमाइट असं निघेल. बनवल्यापासून बीमटाइमपर्यंत किती दिवस उघडे होते ते लिहून ठेवलंय का? नसेल तर नवी बॅच करा, अर्धी आर्गॉनमध्ये सील करा, अर्धी हवेत ठेवा, दोन्ही एकाच दिवशी ५-५ मिलिग्रॅमच्या पेलेटमध्ये मोजा. एकाच बॅचचे दोन स्पेक्ट्रम एकाच फॉइलवर, त्यांच्यातला फरक ०.१ ईव्हीपर्यंत विश्वासाने वाचता येतो, आणि कुणाच्या पेपरमधला ७११३.५ तिथे लागतच नाही.